मदत हवी आहे: रॅगिंगच्या तक्रारीत 'तथ्य नाही' म्हणतात, आता मुलाकडून माफीनामा मागतायत

दारव्ह्याकडचा

नमस्कार मंडळी. मुलगा पहिल्या वर्षाला आहे, कॉलेजच्या हॉस्टेलात राहतो. दिवाळीआधी त्याने प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. रात्री जेवणानंतर सीनियर पोरं खोलीत यायची, लाइट बंद करून 'इंट्रो' द्यायला लावायची, त्यांच्या बादल्या भरून आणायला लावायची. एकदा मोबाईल हिसकून घरच्यांचे मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. तक्रारीत चार नावं होती.

चौकशी झाली. खोलीतली दुसरी दोन पोरं म्हणाली, "आम्ही झोपलो होतो." कॅमेरा व्हरांड्यात आहे, खोलीत नाही. मग पत्र आलं: "तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळून येत नाही, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे." इथवर ठीक.

आता ऑफिसातल्या बाबूंनी मुलाला बोलावून टाइप केलेला कागद पुढे ठेवला. त्यातलं वाक्य असं: "मी रागाच्या भरात वरील विद्यार्थ्यांविरुद्ध खोटी तक्रार केली होती. पुन्हा असे करणार नाही." सही कर, नाहीतर खोट्या तक्रारीची कारवाई होईल आणि त्या पोरांचे घरचे पोलिसांत जातील, असं सांगितलं. मुलगा सही न करता घरी आला.

एक गोष्ट लपवत नाही. घरी विचारल्यावर तो म्हणाला, तीन पोरं नक्की होती. चौथ्याचा चेहरा दिसला नव्हता, आवाज त्याचा वाटला आणि खोलीतलाही एकजण 'तोच होता' म्हणाला, म्हणून नाव टाकलं. मग आमची तक्रार खोटी ठरते का? सही करून मोकळं व्हावं की नाही?

पांदण_रस्ता

भाऊ, सही करून टाका. खोटी तक्रार दिली की कलम 182 लागते, सहा महिने जेल. चौकशीत सिद्ध नाही झाली म्हणजे खोटीच ना? पोट्ट्याच्या शिक्षणाचं पहा, कोर्टकचेरीच्या नादी लागू नका.

वकीलसाहेब_वर्धा

पांदणभाऊ, कलमाची जात बरोबर, बाकी गल्लत आहे. 182 जुन्या भारतीय दंड संहितेतलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते 217 झालं आणि शिक्षा वाढून एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते कलम नीट वाचा. माहिती देणाऱ्याला ती खोटी आहे हे *माहीत* असलं पाहिजे, किंवा ती खोटी आहे असं तो मनातून मानत असला पाहिजे. सिद्ध झालं नाही एवढ्यावर ते लागत नाही. शिवाय हे प्रकरण कोर्टात नेण्यासाठी ज्या लोकसेवकाला खोटी माहिती दिली, त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी फिर्याद लागते. सीनियरच्या काकाने ठाण्यात जाऊन उभं राहिल्याने ते होत नाही. खासगी संस्थेचा प्राचार्य या अर्थाने लोकसेवक धरायचा की नाही, यावर तर आम्ही वकील अर्धा दिवस भांडू शकतो.

याहून जड कलम 248 आहे, एखाद्याला इजा पोहोचवायच्या हेतूने त्याच्यावर खोटा आरोप करण्याचं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आरोप अधिक गंभीर गुन्ह्याचा असेल तर दहा. पण तिथेही आरोपाला काही आधार नाही हे जाणून केला पाहिजे.

आता दारव्हेकर, तुमचा मुद्दा. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा 1999 चा. त्यात तक्रार लेखी आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी खरी वाटली तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तसं तक्रारदाराला *लेखी कळवायचं*. बस. त्याच्यापुढे तक्रारदाराला शिक्षा, माफीनामा, हमीपत्र असलं काही त्या कायद्यात नाही. तुम्हाला आलेलं पत्र म्हणजे कायद्याने सांगितलेला शेवटचा टप्पा झाला. बाबूंचा कागद त्याच्या बाहेरचा आहे.

आणि तो कागद साधा नाही. "खोटी तक्रार केली होती" यावर सही म्हणजे मुलाने आपल्या हाताने कबूल केलं की मला खोटं माहीत होतं. आज त्यांच्याकडे जे सिद्ध करायला एक चिटोरं नाही, ते तुम्ही सहीनिशी त्यांच्या फायलीत लावून द्याल.

चिखलीची_मावशी

माझ्या भाचीला इन्स्टावर कोणी घाणेरडे मेसेज पाठवते, त्याची तक्रार कुठे करायची? कॉलेजवाले म्हणतात बाहेरचा मुलगा आहे.

वकीलसाहेब_वर्धा

मावशी, ते सायबर पोलिसांचं काम, 1930 वर किंवा त्यांच्या पोर्टलवर. मेसेज डिलीट करू नका. वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

धामणगाव_एक्सप्रेस

वकीलसाहेब, सगळं तक्रारदाराच्या बाजूने बोलताय, म्हणून आमचंही सांगतो. पुतण्यावर अशीच तक्रार झाली होती. तक्रारीत लिहिलं होतं की पोळ्याच्या रात्री त्याने हॉस्टेलात एका ज्युनियरला मारलं. पोट्टा त्या रात्री गावात, बैलांच्या मागे. एसटीचं रिझर्व्हेशन, गावच्या पोळ्याचे फोटो, सगळं होतं. तरी आधी निलंबित केला, परीक्षेचा फॉर्म अडकला. पुढे ज्युनियरच्याच मित्राने मेसेज दाखवला: "त्याचं नाव टाक, खोली रिकामी होईल." खोलीसाठी हो, खोलीसाठी! मग समितीने त्या पोराला वेगळी नोटीस काढली, त्याचं म्हणणं घेतलं, हॉस्टेलातून काढलं आणि एक सत्र निलंबित केलं. पण आमच्या घराची जी अब्रू गेली ती कोणत्या पत्रात परत आली? खोट्यांना शिक्षा व्हायलाच पाहिजे.

माजी_गृहपाल

व्हायलाच पाहिजे, धामणगावकर. मी बरीच वर्षं हॉस्टेल सांभाळलं, दोन्ही प्रकार पाहिले. पण तुमच्याच प्रकरणात पहा, समितीने पोराला पकडलं कशावरून? तारीख जुळली नाही एवढ्यावर नाही. तारीख तर भ्यालेलं लेकरूही चुकतं. पकडलं त्या मेसेजवरून, कारण लिहिताना त्याला सत्य माहीत होतं हे त्यातून दिसलं. आणि तरीही त्याला वेगळी नोटीस दिली, ऐकून घेतलं. दारव्हेकरांच्या मुलाला यातलं काय मिळालं? नोटीस नाही, सुनावणी नाही, सरळ टाइप केलेली कबुली.

'सिद्ध नाही' आणि 'खोटं' हे एकच धरलं तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. एका वर्षी आमच्याकडे एका तक्रारदाराकडून असाच माफीनामा घेतला गेला. त्यानंतर तक्रार म्हणून एकही कागद आला नाही, आणि रात्री खोल्यांमधला गोंधळ तेवढाच राहिला. रॅगिंग लाइट बंद झाल्यावर होतं. साक्षीदार कोण, तर त्याच खोलीतली पहिल्या वर्षाची पोरं, ज्यांना उद्या त्याच सीनियरच्या शेजारी मेसमध्ये ताट घेऊन बसायचं असतं. ती "झोपलो होतो" म्हणणारच. पुरावा पक्का असेल तरच तक्रार करा म्हटलं, तर तक्रार करायला उरतं कोण?

आता चौथं नाव. इथे मात्र हयगय करू नका. आज ती चूक आहे: आवाज ओळखीचा वाटला, मित्र म्हणाला, मुलाने विश्वास ठेवला. पण दिसला नव्हता हे माहीत असून उद्या पुन्हा विचारल्यावर तो "चौघांनाही पाहिलं" म्हणाला, तर तिथून पुढे ती चूक राहत नाही. म्हणून आजच एक अर्ज द्या. भाषा साधी ठेवा:

"माझ्या तक्रारीतील पहिल्या तीन विद्यार्थ्यांना मी स्वतः पाहिले. चौथ्या विद्यार्थ्याचे नाव मी आवाजावरून व खोलीतील मित्राच्या सांगण्यावरून लिहिले होते, त्याला पाहिले नव्हते. ही बाब नोंदवून घ्यावी. बाकी तक्रारीवर मी ठाम आहे."

दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का आणि क्रमांक घ्या. बाबू शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

पांदण_रस्ता

पण गृहपालकाका, हे तर स्वतःच्या हाताने चूक लिहून देणं झालं. ते म्हणतील, पाहा, एक नाव खोटं, म्हणजे बाकीची तीनही खोटी.

वकीलसाहेब_वर्धा

म्हणू शकतील, ही जोखीम आहेच. तरी मी गृहपालांच्या बाजूचा. कोणी न विचारता दिलेली दुरुस्ती हेतू साफ असल्याचं दाखवते. समोरच्या वकिलाने उलटतपासात तेच बाहेर काढलं, तर मात्र ती थाप वाटते.

आणि समजा खरंच पोलिसांपर्यंत गेलं, तरी आपल्याकडे हा फरक कागदावरच पाडलेला असतो. मुलाच्या फिर्यादीचा तपास करून पोलीस कोर्टात समरी पाठवतात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा पत्ता नाही किंवा पुरावा मिळत नाही. 'ब' म्हणजे दुष्ट हेतूने केलेली खोटी फिर्याद. 'क' म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. फिर्यादीवर कारवाई करा असं पोलीस म्हणतात ते 'ब' मध्ये. आणि समरी मंजूर करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस देऊन ऐकायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं आहे. बाबूंच्या कागदावर सही असली, तर 'क' ची 'ब' करायला तपास अधिकाऱ्याला फार कष्ट पडणार नाहीत.

धामणगाव_एक्सप्रेस

ठीक आहे, पटलं. पण त्या चौथ्या पोराला कोणी कळवणार का की तुझं नाव अंदाजाने टाकलं होतं? 'सिद्ध झालं नाही' या शब्दांवर गावात कोणी निर्दोष मानत नाही. आमच्या पुतण्याला अजूनही 'तो रॅगिंगवाला' म्हणतात.

माजी_गृहपाल

हे तुमचं खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. अर्जाची एक प्रत त्या मुलालाही द्यावी अशी विनंती दारव्हेकर अर्जातच करू शकतात. प्राचार्य देतील की नाही, सांगता येत नाही.

दारव्ह्याकडचा

सगळ्यांचे आभार. वेचणीचे मजूर शेतात होते म्हणून कॉलेजात जायला उशीर झाला. अर्ज दिला, चौथ्या मुलाला प्रत द्यावी हे वाक्यही घातलं. शिक्का मिळाला. बाबूंनी माफीनाम्याचा विषय काढला, तेव्हा मी म्हटलं, कोणत्या नियमाखाली मागता ते लेखी द्या, मग उत्तर देतो. कागद परत ड्रॉवरमध्ये गेला. प्राचार्य भेटले नाहीत.

मुलगा त्या खोलीत परत जायला तयार नाही. त्याने 1800-180-5522 या अँटी रॅगिंग हेल्पलाइनवर पुन्हा तक्रार करावी का, की एकदा बंद झालेलं प्रकरण तिथे घेत नाहीत?

वकीलसाहेब_वर्धा

करता येते. फक्त कॉलेजकडे आधी तक्रार झाली आणि 'तथ्य नाही' असं पत्र आलं, हे आधीच सांगा. चौथ्या नावाबद्दल अर्जात लिहिलंय तेच तिथेही सांगा, एक शब्द इकडेतिकडे नको. खोली बदलण्याचा अर्ज वेगळा द्या, त्यात रॅगिंगचा उल्लेख एका ओळीत, पत्राच्या तारखेसह.