मदत हवी आहे: चीनहून येणाऱ्या मालाचा सेफ्टी स्टॉक किती ठेवावा?

रबाळे_स्टोअर्स
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचा कारखाना आहे, तिथे स्टोअर्स आणि खरेदी माझ्याकडे आहे. एक सील किट चीनहून येतो, एलसीएलने, न्हावा शेवामार्गे. रोजचा खप सरासरी ४०, त्यात १२ इकडेतिकडे. फॉरवर्डर ७० दिवस सांगतो. त्यावरून मी सेफ्टी स्टॉक १६६ काढला आणि गोदामातला अधिक वाटेतला माल मिळून २,९६६ वर आला की ऑर्डर टाकतो. तरी मागच्या ९ खेपांत तीनदा माल संपला आणि गिऱ्हाइकाचे सिलिंडर उघडे पडून राहिले.

ऑर्डर दिल्यापासून माल आमच्या रॅकवर यायला लागलेले दिवस: ६२, ६६, ६८, ७०, ७१, ७४, ७८, ८२, १०४.

किट साधारण ४५० रुपयांना पडतो. शेठ म्हणतात, "पैसा रॅकवर झोपवू नकोस." नक्की किती ठेवू?

वाशी_होलसेल
आमचं सुक्या मेव्याचं आहे. कंटेनर उतरल्यावर फ्री डेज संपायच्या आत उचला, नाहीतर भाडं चढत जातं. कस्टमचे कागद आधीच तयार ठेवा. दिवाळीआधी आम्ही हेच करतो.

रबाळे_स्टोअर्स
धन्यवाद दादा, पण माझी अडचण भाड्याची नाही, माल कधी येईल याचीच आहे.

एक्सेलवाला_ठाणे
तुम्ही फक्त खपाची चढउतार धरली आहे, दिवसांची धरलीच नाही. B1 मध्ये सरासरी दिवस, B2 रोजचा खप, B3 खपाचं विचलन, B4 दिवसांचं विचलन (`STDEV.S` ने काढा):

```
=1.65*SQRT(B1*B3^2+B2^2*B4^2)
```

१.६५ म्हणजे ९५ टक्के वेळा माल पुरेल असा हिशोब. फक्त ते १०४ काढून टाका, ती एकदाच झालेली गोष्ट आहे. मग दिवसांचं विचलन साडेसहावर येतं.

कळव्याचा_प्लॅनर
सूत्र बरोबर आहे, पण १०४ असं डोळे झाकून काढू नका. आहे तसं ठेवलं तर सरासरी ७५, विचलन १२.४ आणि सेफ्टी स्टॉक ८३९ येतो. वर्गमुळाच्या आत खपाचा वाटा १०,८०० आणि दिवसांचा सुमारे २,४८,०००. म्हणजे खपाचा अंदाज कितीही सुधारा, फारसा फरक पडणार नाही. तुमचा माल समुद्र आणि बंदर संपवतात, गिऱ्हाईक नाही.

दुसरं, ७० आणि ७५ मधला फरक सेफ्टी स्टॉकचा नाहीच. फॉरवर्डरच्या आकड्यात तुमच्या सप्लायरचा माल बनवण्याचा वेळ पुरता धरला आहे का, विचारा. ऑर्डरचा टप्पा ७५ वरच धरा: ३,००० अधिक ८३९.

पण त्यानेही १०४ वाली खेप निभत नाही. ३,८३९ किट ९६ दिवस पुरतात, ८ दिवस कमी पडतात. उशिराच्या खेपा घंटेच्या आकारात बसत नाहीत, एका बाजूला शेपूट लांब असतं. म्हणून आधी सांगा, त्या १०४ दिवसांत नेमकं काय झालं?

रबाळे_स्टोअर्स
फाईल काढून बघितली. चिनी नववर्षामुळे सप्लायर २० दिवस बंद होता. उरलेल्या ८४ मध्ये बुक केलेलं जहाज चुकलं, माल पुढच्या जहाजावर गेला, आणि मग सीएफएसमध्ये कंटेनर उघडायलाच वेळ लागला.

कळव्याचा_प्लॅनर
मग दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. सुट्टी दरवर्षी येते, ती कॅलेंडरमध्ये टाका, विचलनात नको. त्या सुमाराची ऑर्डर २० दिवस आधी टाका, म्हणजे टप्पा तेवढ्यापुरता ८०० ने वर न्या. ९ खेपांत १०४ ऐवजी ८४ धरा: सरासरी ७२.८, विचलन ७.४, सेफ्टी स्टॉक सुमारे ५१५. शेठना सांगा, ८३९ च्या तुलनेत वर्षभर अडकणारे जवळपास दीड लाख वाचले. जहाज चुकणं आणि सीएफएसचा खोळंबा मात्र आकड्यात राहू द्या, ते पुन्हा होणार.

एक्सेलवाला_ठाणे
मान्य, सुट्टीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण फक्त ९ खेपांवरून काढलेल्या ७.४ वर किती विसंबायचं?

कळव्याचा_प्लॅनर
फार नाही. पुढच्या दोन खेपा ९० च्या वर गेल्या तर तो आकडा मोडलाच. म्हणून जहाज चुकल्याची खबर आली की त्याच दिवशी शिल्लक मोजा. जेवढे दिवस कमी पडतात तेवढेच किट विमानाने मागवा. सील हलके असतात, शे-दोनशे किटचं विमानभाडं सिलिंडर अडकण्यापेक्षा स्वस्त पडतंय का ते तुमच्या दराने ताडून बघा.

रबाळे_स्टोअर्स
विमानाचे दर आज मागवतो. एक विचारायचं राहिलं: रोलओव्हरची खबर मला नेहमी आठवडाभर उशिरा कळते, फॉरवर्डर विचारल्याशिवाय सांगतच नाही. जहाज सुटलं की नाही हे तुम्ही स्वतः कसं तपासता?