मदत हवी आहे: पहिल्या स्क्रीनवरचा रिकामा मेसेज बॉक्स

मंडळी, द्राक्षबागायतदारांसाठी मदतीचं ॲप करतोय, पलीकडे उत्तर द्यायला आमचा कृषी सल्लागार बसलेला असतो. पहिल्या स्क्रीनवर नुसता बॉक्स, आत फिकट अक्षरात 'तुमचा प्रश्न लिहा'. काकांना दिलं तर म्हणाले, "यात आधीच लिहिलंय की कुणीतरी!" आणि टाइप करायला लागलं की ती ओळ गायब, मग काय लिहायचं तेच विसरतात. उन्हात तर ती दिसतही नाही.

आता बॉक्सच्या वर सल्लागाराचाच नमस्कार टाकलाय, खाली तीन बटणं, 'पानावर डाग' वगैरे, दाबलं की वाक्य बॉक्समध्ये येतं, पाठवायचं आपण. पण कीबोर्ड आपोआप उघडला की छोट्या फोनवर बटणं झाकली जातात, नाही उघडला तर लोक नुसते बघत बसतात. तुम्ही काय करता?