ठिपका खोलीवर, आम्ही दुसऱ्याच मजल्यावर: हॉस्पिटलात ॲप हवं की फलक?

मुक्ताई: परवा आईला व्हीलचेअरवरून एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी तिसऱ्या मजल्यावर होती. त्यांच्या ॲपमधला निळा ठिपका नेमका त्या खोलीवर, आणि समोर दार डायलिसिसचं. आम्ही दुसऱ्याच मजल्यावर होतो. वीस मिनिटं हेलपाटे झाले, आई रडकुंडीला आली. आत सॅटेलाइटचा सिग्नल येत नाही, तर ॲपने ठिपका दाखवावाच का? तो पैसा सरळ फलकांवर घालावा, असं माझं मत.

घाटवाट: फोन जुना असणार. हल्लीच्या फोनमध्ये जीपीएस दोन फ्रिक्वेन्सींवर चालतं, त्याने आतसुद्धा जागा अचूक कळते. फोन बदला, फलकांची गरज नाही.

जिना_नंबर_२: घाटवाट, तुमचं अर्धं बरोबर आहे. दुसरी फ्रिक्वेन्सी उंच इमारतींच्या गल्लीत कामाला येते, कारण भिंतीवर आपटून आलेला सिग्नल वेगळा काढता येतो. पण डोक्यावर चार स्लॅब असले की वेगळं काढायला सिग्नलच उरत नाही.

सहा वर्षं मी हेच काम करतो. आत ठिपका बहुधा वायफायवरून येतो. आम्ही आधी प्रत्येक पॅसेजमध्ये फोन घेऊन चालतो आणि कुठे कुठला राउटर किती जोरात ऐकू येतो याची नोंद करतो. नंतर तुमचा फोन जे ऐकतो ते या नोंदींशी ताडून पाहिलं जातं. स्लॅब सिग्नल बराच अडवतो, म्हणून मजले सहसा वेगळे ओळखू येतात. पण मधला मोकळा चौक किंवा जिन्याची पोकळी असेल तिथे वरचा राउटर खालीही तितकाच खणखणीत येतो. मुक्ताई, तुम्ही अशाच ठिकाणी उभ्या होतात का?

मुक्ताई: हो! कठड्यावरून खाली रिसेप्शन दिसत होतं.

जिना_नंबर_२: मग तेच झालं असणार. यावर उपाय म्हणून ॲप फोनमधला हवेचा दाब बघतं. चार मीटरचा एक मजला चढलं की दाब साधारण 0.4 ते 0.5 हेक्टोपास्कलने उतरतो आणि फोनला तो फरक सहज कळतो. अडचण अशी की आपल्याकडे सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दाब आपोआपच दोन-तीन हेक्टोपास्कल उतरतो. म्हणजे तळमजल्यावर ओपीडीत दिवसभर बसलेला माणूस नुसत्या आकड्यावरून पाच-सहा मजले चढलेला दिसेल. म्हणून चांगलं ॲप दाब किती आहे हे न पाहता तो किती वेगाने बदलला ते पाहतं. लिफ्टमध्ये अर्ध्या मिनिटात बदल होतो, हवेमुळे तेवढाच व्हायला तास लागतो. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये हा सेन्सरच नसतो, तिथे मात्र सगळी भिस्त वायफायवर.

पार्किंग_पी३: माझी गाडी मॉलच्या बेसमेंटमध्ये तासभर सापडली नव्हती, ॲपवर ती बाहेरच्या रस्त्यावर दिसत होती. यावर काय करायचं?

जिना_नंबर_२: बेसमेंटमध्ये वायफायही नसेल, तर रस्त्यावरून आत शिरताना मिळालेली शेवटची जागाच राहिलेली असते. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ बघा. ते मोठं असेल तर ॲपलाच खात्री नाही. खांबावरच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

वॉर्डातली: मी हॉस्पिटलात सिस्टर आहे. जमिनीवर रंगीत पट्टी असली की आजोबासुद्धा पट्टी धरून एक्स-रेला पोचतात. आमच्याकडेही ॲप आलं, पहिले काही महिने छान चाललं. मग राउटर बदलले, काही जागचे हलवले. पुन्हा मोजायला कोणी फिरकलं नाही. आता लोक चुकून आमच्या आयसीयूच्या दारात येतात. रात्री दोनला घाबरलेल्या नातेवाइकाला मी फोन बघायला सांगू का?

घाटवाट: पण विभाग हलला की पट्टी खरवडून काढावी लागते. ॲपमध्ये ते एका दिवसात बदलतं. आणि ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला फलकाचा काय उपयोग?

वॉर्डातली: रंग वाचावा लागत नाही.

जिना_नंबर_२: सिस्टर, राउटरबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्या धंद्यातलं ते दुखणं आहे. करारात पहिल्या मोजणीचे पैसे असतात, पुढच्यांचे नसतात. माझा आग्रह वेगळा आहे. प्रत्येक लिफ्टच्या दाराबाहेर क्यूआर कोड चिकटवा. तो स्कॅन केला की मजला पक्का कळतो, ॲपला अंदाज करावा लागत नाही, आणि पुढची वाट फोनमधली पावलं मोजून दाखवता येते. ही मोजणी वळणावळणाला थोडी चुकत जाते, म्हणून पॅसेजच्या टोकाला पुन्हा एक कोड हवा.

मुक्ताई: एक हात व्हीलचेअरला, दुसऱ्या हातात फाइल. स्कॅन कोणत्या हाताने करू?

जिना_नंबर_२: याचं उत्तर माझ्याकडे नाही. मजल्याची खात्री नसेल तेव्हा ॲपने ठिपका न दाखवता "तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात का?" एवढं विचारावं, हे मात्र आज करता येतं. पुढच्या कामात मी ते लिहून मागणार आहे.

वॉर्डातली: आणि लिफ्टसमोरच्या भिंतीवर हातभर उंचीचा "2" रंगवून घ्या. तेही त्याच करारात लिहा.