पंधरा मशीनच्या ऑफिसला स्टेटफुल फायरवॉल कशाला?

साधासरळ
स्टेटफुल, स्टेटफुल करणाऱ्यांना एकच प्रश्न. प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या फायरवॉलमधून पंधरा मशीनच्या ऑफिसला नेमकं काय जास्त मिळतं? आमचं आयपीव्ही६ खालच्या तीन ओळींवर चालतं. नोंदींचं टेबल भरण्याची भानगड नाही, टाइमआउट नाही, राउटर रीबूट केला तरी कुणाचं कनेक्शन तुटत नाही. बाकी सगळी विक्रेत्यांची पोपटपंची.

```
ip6tables -A FORWARD -i wan0 -p udp --sport 53 -j ACCEPT
ip6tables -A FORWARD -i wan0 -p tcp ! --syn -j ACCEPT
ip6tables -A FORWARD -i wan0 -j DROP
```

रात्रपाळी
झोपायला निघालो होतो, हे वाचून परत बसलो.

पहिली ओळ बघा. सोर्स पोर्ट कोण ठरवतं? पाठवणारा. डीएनएसचं उत्तर 53 वरून येतं म्हणून तुम्ही 53 वरून येणारं सगळं आत सोडलंत, पण ते उत्तर आहे की नाही हे तुमच्या राउटरला कळायला मार्गच नाही. आत कुणी प्रश्न विचारला होता का, हे त्याने कुठे लिहूनच ठेवलेलं नाही. बाहेरच्या कुठल्याही मशीनवरून, स्वतःच्याच प्रिंटरचा पत्ता टाकून, हे चालवा:

```
nmap -6 -sU -g 53 -p 161 <प्रिंटरचा पत्ता>
```

प्रिंटरवर 161 वरून मशीनची माहिती देणारं एसएनएमपी चालू असेल आणि कम्युनिटी, म्हणजे त्याचा पासवर्ड, अजून `public` असेल, तर `open` दिसेल. विनंती पहिल्या ओळीतून आत शिरते. उत्तर बाहेर जाताना तुम्ही अडवतच नाही.

स्टेटफुलमध्ये आतल्या मशीनने 51514 वरून एखाद्या डीएनएस सर्व्हरला विचारलं, तर त्याच सर्व्हरच्या 53 वरून त्याच मशीनच्या 51514 वर येणारं पॅकेटच आत जातं. लिनक्सवर उत्तराची वाट मुळात 30 सेकंद बघतात. तेवढ्यात आलं नाही तर नोंद पुसली.

टीसीपीची ओळ त्यामानाने बरी आहे. नवं कनेक्शन बाहेरून सुरू होत नाही, हे मान्य. पण नुसता एसीके लावलेलं पॅकेट आत जातं, आतलं मशीन त्याला आरएसटी, म्हणजे ‘असं कनेक्शनच नाही’ हा निरोप, परत पाठवतं आणि कुठल्या पत्त्यावर कोण जिवंत आहे ते बाहेरच्याला समजतं. `nmap -PA` त्यासाठीच आहे.

साधासरळ
जिवंत कोण ते शोधायला आधी पत्ता तर माहीत हवा ना साहेब. एका /64 मध्ये 2 चा 64 वा घात इतके पत्ते. स्कॅन करत बसा, नातवंडं पुढे चालू ठेवतील. आणि पहिल्या ओळीत `--dport 1024:65535` घातलं की तुमचा 161 बंद. संपला विषय.

रात्रपाळी
पीसीचे पत्ते बदलत राहतात, तिथे तुमचं खरं आहे. पण प्रिंटरला पत्ता हाताने दिलाय ना? शेवटी `::10` किंवा `::20` असणार, पैज लावतो. हे पत्ते सगळ्यात आधी तपासले जातात. आणि प्रिंटर, कॅमेरे 3702 वरही ऐकतात, तो 1024 च्या वरच आहे.

दुसरं म्हणजे तुमची शेवटची ओळ `Packet Too Big` सुद्धा फेकून देते. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, हा निरोप पाठवतो. तो पोचला नाही की कनेक्शन जुळतं आणि मोठी फाइल चढवायला घेतली की अडकतं. स्टेटफुलच्या नियमात `RELATED` असेल तर तो निरोप मूळ कनेक्शनशी जोडून आत घेतला जातो.

मुनीम
माझं उलट आहे. स्टेटफुल बॉक्स बसवला आणि तेव्हापासून हिशेबाचं सॉफ्टवेअर जेवणाच्या सुट्टीनंतर गोठतं. सर्व्हर दुसऱ्या शाखेत आहे. सकाळी व्यवस्थित, जेवून आलं की पहिल्याच नोंदीला घड्याळ फिरत राहतं. बॉक्सवाला म्हणतो सॉफ्टवेअर बघा, सॉफ्टवेअरवाला म्हणतो विंडोज पुन्हा टाका. टाकलं! काही फरक नाही. व्हाउचर मात्र दोनदा चढतात आणि शिव्या मी खातो.

साधासरळ
घ्या! हेच म्हणत होतो.

रात्रपाळी
मुनीम, बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीसीपीचा आयडल टाइमआउट किती आहे?

मुनीम
3600 लिहिलंय. सुट्टी एक तासाची असते, पण लोक कधी वेळेवर आलेत?

रात्रपाळी
सापडलं, बहुतेक. तासभर एकही पॅकेट गेलं नाही म्हणून बॉक्सने नोंद पुसली आणि दोन्ही टोकांना काहीच सांगितलं नाही. पीसीला वाटतं कनेक्शन चालू आहे. तो पाठवतो, बॉक्स गुपचूप फेकतो, पीसी पुन्हा पाठवतो. बॉक्सने आरएसटी पाठवला असता तर निदान लगेच एरर दिसली असती.

गप्प पडलेल्या कनेक्शनवर अधूनमधून पॅकेट पाठवणारा कीपअलाइव्ह यासाठीच असतो, पण विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे मुळात पहिला कीपअलाइव्ह 2 तासांनी जातो, तोही सॉफ्टवेअरने मागितला तरच. म्हणून तर नॅटसाठीच्या आरएफसी 5382 मध्ये चालू कनेक्शनला किमान 2 तास 4 मिनिटं द्या असं आहे. तुमच्या बॉक्सवाल्याने ते वाचलेलं नाही.

खात्री करायची तर पीसीवर आणि सर्व्हरवर एकाच वेळी `tcpdump` किंवा वायरशार्क लावा. पीसीकडे तेच पॅकेट वारंवार जाताना दिसेल, सर्व्हरकडे काहीच नाही. मग बॉक्सवर फक्त त्या सर्व्हरच्या पोर्टसाठी टाइमआउट 8000 करा. सगळ्यांसाठी वाढवू नका, मेलेल्या नोंदी साचतात.

मुनीम
म्हणजे विंडोज उगाच टाकलं? पूर्ण रविवार गेला माझा! आणि ज्याने बॉक्स विकला त्याला हे माहीत नसावं? वर्षाचे सपोर्टचे पैसे कशाचे घेतो मग?

टोकाची_बाजू
दोघंही जुन्या जमान्यात आहात. व्हायरस मेलमधून येतो आणि 443 वरून स्वतःच बाहेर फोन करतो. स्टेटफुल त्याला आदराने बाहेर सोडतो आणि उत्तरही आत आणून देतो.

रात्रपाळी
बरोबर. आणि त्यामुळे प्रिंटर उघडा ठेवायचा का?

टोकाची_बाजू
तसं कुठे म्हटलं? प्रिंटरला बाहेरून पोचणारा पत्ताच का देता, हे विचारतोय. त्याचं उत्तर कुणी देणार का?

वैदेही_एन
साधासरळ, एक शंका. ब्राउझर हल्ली एचटीटीपी/3 साठी यूडीपी 443 वापरतात, व्हिडिओ कॉलही यूडीपीवर. तुमच्या तीन ओळींत ती उत्तरं आत येतात कुठून?

साधासरळ
येत नाहीत. ब्राउझर टीसीपीवर उतरतो, कॉलही. अजून तरी कुणी रडलं नाही.

आणि रात्रपाळी, तुमच्या समाधानासाठी पहिली ओळ काढतो. डीएनएस राउटरवरच चालवीन आणि उत्तर फक्त वरच्या सर्व्हरच्या पत्त्यावरूनच घेईन. `Packet Too Big` ची ओळही घालतो. स्टेट तरीही नाही.

रात्रपाळी
म्हणजे भोक फॉरवर्डमधून इनपुटमध्ये हलवलंत आणि लहान केलंत. पत्ता खोटा घालून पॅकेट अजूनही राउटरपर्यंत येईल, पण उत्तर खऱ्या सर्व्हरकडे जाईल, म्हणून धोका बराच कमी. चालेल म्हणतो, नाइलाजाने. तीनाच्या चार ओळी झाल्या, पाचवी टीसीपीसाठी कधी येते ते बघू. माझ्या एका `ESTABLISHED,RELATED` मध्ये हे सगळं होतं.

साधासरळ
आणि रीबूटला?

रात्रपाळी
नॅट नसेल तर अर्ध्यावरून दिसलेलं कनेक्शनही लिनक्स पुन्हा उचलतो, आतल्या मशीनने आधी तोंड उघडलं तर. सर्व्हर आधी बोलला तर पॅकेट पडतं. तेवढा मुद्दा तुमचा, फ्रेम करून लावा.

मुनीम
8000 केलं. जेवून येऊन पाच जणांनी नोंदी केल्या, गोठलं नाही. आता त्या बॉक्सवाल्याला फोन लावतोय.

वैदेही_एन
साधासरळ, ते कॉलबद्दल कुणी रडलं नाही म्हणता ना? रडणाऱ्यांना विंडोज पुन्हा टाकायला पाठवलं असेल तुम्ही.