मदत हवी आहे: पत्नीला गुपचूप संध्याकाळी बाहेर न्यायचे आहे, संदेश कसे लिहावेत?

गोदाकाठ: आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. येत्या शुक्रवारी पत्नीला शाळेतून परस्पर बीबी का मकबऱ्याकडे न्यावे आणि नंतर नान-खलिया खाऊ घालावा, असा बेत आहे. तिला ठिकाण कळू न देता, पण उत्सुकता वाढेल असे थोडे लाडिक संदेश तीन-चार दिवस पाठवायचे आहेत. अडचण अशी की तिचा फोन घरी बहुतेक वेळ आमच्या मुलीच्या हातात असतो.

परभणीचा पाहुणा: सरळ सांगा की मावसभावाच्या साखरपुड्याला जायचे आहे. संशयच येणार नाही.

मंजिरी: पाहुणे, संशय येणार नाही हे खरे, पण ती मावशींना अभिनंदनाचा फोन करील, त्याचे काय? गोदाकाठ, आपण खोटे कारण देऊ नका. फक्त ठिकाण लपवा आणि वेळ, कपडे व भूक या तीन गोष्टी खऱ्या सांगा, म्हणजे ती ऐनवेळी खोळंबणार नाही. पहिला संदेश मंगळवारी पाठवा: "शुक्रवारी सहानंतर तू फक्त माझी. पेपर तपासायचे असतील तर गुरुवारीच उरकून घे." बुधवारी नुसते "विचारू नकोस, सांगणार नाही" एवढेच लिहा. गुरुवारी लिहा: "तो निळा ड्रेस घाल, चपला सपाट घाल. का, ते उद्या." सपाट चपलांवरून चालायचे आहे हे तिला कळेल, पण कुठे ते कळणार नाही. हिमरू शाल मात्र संदेशात आणू नका, ती आपणच गाडीत ठेवा. नाहीतर उघड्यावरचा बेत आहे हे ती लगेच ओळखील. शुक्रवारी दुपारी शेवटचा: "डबा अर्धाच खा. उरलेली भूक माझ्यासाठी ठेव." हे सारे शाळेच्या वेळेत, मधल्या सुट्टीत पाठवा आणि तिच्या फोनच्या बंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसतो का, ते आधी पाहून घ्या.

लातूरची सून: आमच्याकडे हे कधीच जमले नाही, कारण यजमानांनी आगाऊ पैसे संयुक्त खात्यातून भरले आणि बँकेचा संदेश माझ्याच फोनवर आला. मकबऱ्याजवळ लहान मुलांना खेळायला जागा आहे का?

गोदाकाठ: मुलीला नेणार नाही, ताई. पैसे माझ्या वेगळ्या खात्यातूनच देईन. पण ती "कुठे?" असे सारखे विचारू लागली तर?

मंजिरी: एकदा थट्टेने टाळा: "लाच देशील तर सांगेन." दुसऱ्यांदा तिच्या स्वरात चिडचिड वा काळजी वाटली, तर "घरात सगळे ठीक आहे, नुसते फिरायला जायचे आहे" असे साधेपणाने सांगा. मुलगी कोणाकडे राहणार, हे मात्र तिला गुरुवारपर्यंत कळलेच पाहिजे.

गोदाकाठ: आईकडे राहील. पण आईला बेत सांगावा का? तिच्या पोटात काही राहत नाही.

परभणीचा पाहुणा: सांगा. नाहीतर सूनबाईंना उशीर झाला की आईच शाळेत फोन करतील.

मंजिरी: माझ्या मते आईंना बेत सांगू नका, शुक्रवारी दुपारी फक्त "दहापर्यंत येतो" एवढे कळवा.