सहकाऱ्याच्या मुलाचं यश आणि आपली दोन वाक्यं : अनुभव सांगा

धागाकर्ती (पुणे, लेखा विभाग)

परवा आमच्या सेक्शनमधल्या मॅडमची मुलगी सीए झाली. चौथ्या प्रयत्नात. मागच्या वेळी दुसरा ग्रुप एका गुणाने गेला होता. ग्रुपची बेरीज निम्म्याच्या वर होती, पण एका पेपरला ३९ आले आणि तिथे प्रत्येक पेपरात ४० लागतातच. तेव्हा मॅडम दोन दिवस डबा न उघडता परत नेत होत्या, ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलंय.

या वेळी निकाल कळल्यावर मी मोबाइलवर लिहिलं, "अखेर झाली एकदाची! मेहनतीला फळ मिळतंच. तिला आणि तुम्हाला हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा." पाठवायच्या आधी वाचलं आणि 'अखेर'पाशीच अडले. त्या शब्दात आधीचे तिन्ही निकाल मोजलेले होते. 'एकदाची' तर त्याहून वाईट, जणू आम्हीच ताटकळलो होतो. दोन्ही काढले. मेहनतीचं वाक्य कुठल्याही निकालाला चालतं, म्हणून तेही काढलं. पुढील वाटचाल गेली. उरलं ते असं पाठवलं : "मॅडम, मधुरा सीए झाली! फार आनंद झाला. उद्या डबा मी आणते, तुम्ही फक्त पेढे आणा."

मॅडमचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या, पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सगळ्यांच्या आधी तू." बस.

तुम्ही अशा वेळी काय बोललात, काय बोलायला नको होतं, किंवा तुमच्या मुलांच्या वेळी कोणाचं कुठलं वाक्य लक्षात राहिलं, ते लिहा. तयार मजकूर नकोत, घडलेलं हवं.

डेपोतला (सातारा)

मी एसटीत चालक. पोरगं इंजिनिअर झालं, कॉलेजातूनच आयटी कंपनीत निवड झाली. रेस्टरूममध्ये पेढे वाटत होतो. पहिला प्रश्न, "पॅकेज किती?" मी म्हटलं, साडेतीन. एक जण म्हणाला, "वर्षाला? एवढंच?" त्याच्या पुतण्याला म्हणे बारा. पेढा तोंडात असताना बोलला.

आमचे एक जुने वाहक आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतील. ते काही बोललेच नाहीत. पेढा घेतला, रुमालात बांधला. मग म्हणाले, "पहिल्या पगाराला पोराला माझ्या गाडीत बसव. तिकीट मी फाडतो, पैसे त्यानं द्यायचे." ते अजून आठवतं. पॅकेज विचारणाऱ्याचं नावसुद्धा घ्यावंसं वाटत नाही.

हिशेबी

वरच्या दादांशी सहमत, पण पॅकेज विचारणं ही सवय आहे, दुष्टावा नाही. आम्ही आयटीत एकमेकांना सर्रास विचारतो. अडचण अशी की आईवडिलांना बऱ्याचदा आकडा नीट माहीत नसतो. पत्रावर एक रक्कम असते, हातात दुसरीच येते, आणि चारचौघांत ते हिशेब देत बसतात. मी आता "कुठल्या गावाला जॉइनिंग आहे?" एवढंच विचारतो. त्याला सगळे आनंदाने उत्तर देतात, राहायची सोय कुठे केली इथपर्यंत बोलणं जातं.

नागपूरकर

माझं मत थोडं वेगळं आहे. जोवर हातात नियुक्तीपत्र नाही तोवर अभिनंदन करूच नये. आमच्या ऑफिसातल्या बाबूजींच्या मुलाचं नाव सरळसेवेच्या निवड यादीत आलं. आम्ही हार आणला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मग कागदपत्र पडताळणी, मग कुणीतरी कोर्टात गेलं, मग यादीच थांबली. पुढचे नऊ महिने जो भेटेल तो बाबूजींना विचारायचा, "काय झालं हो, रुजू झाला का?" बाबूजी जिन्याने जायचे, लिफ्टमध्ये लोक भेटतात म्हणून. आमच्या हारामुळे झालं ते.

निवृत्त आस्थापना

आस्थापना शाखेत तीस वर्षं काढली म्हणून लिहितो. नागपूरकर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. यादी आणि नोकरी यांत खरंच अंतर असतं. आधी तात्पुरती यादी, मग कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी, त्यानंतर आदेश. यातलं काहीही लांबतं. पण म्हणून गप्प राहायचं? हजारोंतून नाव लागलंय, ते घडलेलंच आहे, ते कोणी काढून घेत नाही.

मी शब्द बदलायचो. यादीला "नाव लागलं, अभिनंदन" म्हणायचं, "नोकरी लागली" नाही. "साहेब झाला" तर अजिबात नाही. आणि हार, फोटो, ग्रुप हे सगळं रुजू झाल्यावर. मधल्या काळात आपण होऊन चौकशी करायची नाही. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते खुर्ची ओढून बसतातच.

खाजगीतही आता तेच आहे. ऑफर लेटर येतं आणि जॉइनिंगची तारीख पुढे पुढे जाते. तिथेही "ऑफर आली, छान झालं" इथे थांबावं.

नागपूरकर

पटलं अर्धं. पण आमच्याकडे "नाव लागलं" म्हटलं तरी लोक पार्टीच मागतात, शब्द कोण ऐकते?

रात्रपाळी

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स. मी जीएनएम केलेली, मुलगी बीएस्सी नर्सिंग झाली. वॉर्डात सांगितलं तर आमच्या इनचार्ज सिस्टर हसून म्हणाल्या, "म्हणजे आता घरात चार्ज तिच्याकडे." मला इतकं बरं वाटलं! माझं शिक्षण कमी आहे असं त्यात कुठे आलं नाही, पण ती माझ्या एक पायरी पुढे गेली हे त्यांनी बरोबर ओळखलं.

एका डॉक्टरांनी मात्र विचारलं, "मार्क होते तर एमबीबीएसला का नाही टाकलं?" हेतू चांगलाच असेल त्यांचा.

पदवीदान समारंभ होता त्या दिवशी माझी सकाळ पाळी होती. रजा मागायला मी कचरत होते, आधीच दोन जणी रजेवर. माझ्या जोडीदारणीने ड्युटी रजिस्टर उघडलं, माझ्या सकाळसमोर स्वतःचं नाव घातलं आणि म्हणाली, "जा, आणि झग्यातला फोटो पाठव." अभिनंदन हा शब्द तिने उच्चारलाच नाही.

गोंधळलेला

ऑफिसमधल्या सरांच्या मुलीला नोकरी लागलीय. पाकिटात ५०१ बरे की ११०१? सगळ्यांनी मिळून द्यावे की वेगळे?

धागाकर्ती

दादा, धागा बोलण्याबद्दल आहे, पाकिटाचा नाही.

कोल्हापुरी ठसका

पाकीट कशाला लगा, नोकरी तिला लागली, पैसे तिनं द्यायचे! जाऊन सांग सरांना, पेढे खाऊन ये.

चिकटवलेलं

माझी फजिती. शाळेत शिक्षक आहे. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर सहशिक्षिकेचा मुलगा पदवीधर झाल्याची बातमी आली. मी जुना एक सुंदर मजकूर जपून ठेवलेला : "आपल्या पाल्याने संपादन केलेल्या उज्ज्वल यशाबद्दल..." वगैरे पाच ओळी. तो चिकटवला आणि वर्गावर गेलो. तासाभराने बघतो तर शेवटच्या ओळीत दोन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच बाईंच्या मुलीचं नाव. खाली सतरा जणांनी तेच उचलून पुढे टाकलेलं, नावासकट. एकानेही वाचलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, चुकलं. मुलाचं नाव काय, विषय कोणता?" बाई हसल्या, म्हणाल्या, "सर, तुम्हीच पहिले विचारलंत." भूगोल घेतला होता त्याने. मी भूगोलाचाच शिक्षक. दहा मिनिटं त्याच्या क्षेत्रभेटीच्या अहवालाबद्दल बोललो, घंटा झाली तेव्हा कुठे उठलो.

न्यू जर्सीहून

इथे मे महिना आला की ऑफिसात एक कार्ड फिरतं, ज्याच्या त्याच्या मुलाच्या ग्रॅज्युएशनचं. सगळे सही करतात, कोणी एक ओळ लिहितं. सोपं आहे, पण कार्ड मुलाच्या नावाने असतं. आईवडिलांना कोणी वेगळं काही म्हणत नाही. माझ्या मुलाच्या वेळी टीममधल्या एका तेलुगू सहकाऱ्याने कॉफी मशीनपाशी हात हातात घेतला, म्हणाला, "आता तुम्ही दोघं जरा झोपा." कर्जाचे हप्ते त्यालाही माहीत होते. त्या दिवशी गाडीत बसून रडलो थोडा.

शिपाई नाही, सहायक

मी नगरपालिकेत शिपाई होतो, आता पदनाम बदललं, काम तेच. मुलगी एमएस्सी झाली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "बघा, शिपायाची मुलगी असूनसुद्धा!" टाळ्या झाल्या. मी हात जोडले. घरी मुलीला सांगितलं की साहेबांनी कौतुक केलं. 'असूनसुद्धा' सांगितलं नाही.

निवृत्त आस्थापना

तो एक शब्द गाळला असता तर वाक्य चांगलं होतं.

शिपाई नाही, सहायक

होय साहेब. पण आमचे साहेब मनाने वाईट नाहीत. मुलीला पुस्तकं त्यांनीच दिली होती.

काउंटर नंबर ३

मी बँकेत. हे कसं लिहावं कळत नाही, पण लिहितो. आमच्या शाखेत दोघांची मुलं एकाच परीक्षेला बसली होती, बँकेच्याच. एकाचा लागला, एकाचा राहिला. दोघं वडील शेजारशेजारच्या काउंटरला. ग्रुपवर मॅनेजरने पुष्पगुच्छ टाकला, मग सगळ्यांनी टाकले, दिवसभर दोघांचेही फोन टिंगटिंग वाजत होते. ज्याचा राहिला त्याच्याही फोनवर तेच.

मी ग्रुपवर काही टाकलं नाही. चहाच्या वेळी ज्याचा लागला त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "मस्त झालं, पोराला माझ्याकडून सांग." तो म्हणाला, "सगळ्यांत आधी त्यानेच केलं रे." म्हणजे शेजारच्याने. सकाळी कॅश घेताना, काउंटर उघडायच्या आधी. काय म्हणाला विचारलं तर सांगितलं, "पोस्टिंग लांब आलं तर माझा भाऊ आहे तिकडे."

आता माझा प्रश्न. ज्याचा राहिला त्याच्याशी मी त्या दिवशी काहीच बोललो नाही. काय बोलायचं तेच सुचलं नाही. तीन आठवडे झाले. आता बोलावं का?

रात्रपाळी

बोला. मुलाचं नाव घेऊन विचारा, पुढची परीक्षा कधी आहे.

हिशेबी

मी नसतो विचारलं. चहा पाजा फक्त.