घर्षण नसतं तर ते चाक चाललं असतं का? (विज्ञान दिनाचं 5 मिनिटांचं भाषण)

सातवीची_आई
मुलीला शाळेत विज्ञान दिनाला बोलायचंय, विषय आहे पर्पेच्युअल मोशन मशीन, म्हणजे बाहेरून काही न देता कायम चालत राहणारं यंत्र, का चालू शकत नाही. सोबत प्लायचं चाक केलंय, आठ आरे, प्रत्येक आऱ्याच्या टोकाला बिजागरीवर हात आणि हाताला 50 ग्रॅमचा नट. उजवीकडे हात बाहेर पडतात, डावीकडे आत दुमडतात. भाषणात तिने लिहिलंय, "घर्षणामुळे ऊर्जा वाया जाते म्हणून चाक थांबतं." मला हे पुरेसं वाटतं, तिचे बाबा म्हणतात कारण चुकलंय. काय म्हणता?

मधली_सुट्टी
पुरेसं आहे ओ ताई. सातवीची पोरं आहेत, घर्षण त्यांना माहितीये, हात चोळून गरम होतो हेही माहितीये, मग कशाला उगाच गुंता करायचा. 5 मिनिटांत तुम्ही ऊर्जेचे नियम सांगायला गेलात तर मागच्या बाकावरची सगळी बाहेर बघायला लागतील.

आसाची_कुरकुर
बाबांशी सहमत. घर्षण खोटं नाही, पण ते इथलं खरं कारण नाही. कारण घर्षण म्हटलं की पुढचा हात वर येणारच, "मॅडम चांगलं बेअरिंग लावलं, ग्रीस घातलं, तर चालेल ना?" आणि मग मुलीकडे उत्तर नाही. शेकडो लोकांची आयुष्यं ह्याच एका आशेवर गेलीत, की बेअरिंग अजून थोडं सुधारलं की झालं.

तिला सांगा चाकाकडे बघू नकोस, एकाच नटाकडे बघ. त्याच्यावर लाल ठिपका काढ. समजा तो त्याच्या सगळ्यात वरच्या जागेपासून सगळ्यात खालच्या जागेपर्यंत 50 सेंमी उतरतो. 50 ग्रॅम आणि 50 सेंमी म्हणजे साधारण पाव ज्यूल, एवढं तो उतरताना देतो. आता डावीकडून त्याला परत वर न्यायचंय, तर किती चढवायचं? तेच 50 सेंमी, तोच पाव ज्यूल. तो बाहेरून लांबच्या वाटेने उतरला की आतून जवळच्या वाटेने चढला ह्याने काही फरक पडत नाही, वजनाला उंची कळते, वाट कळत नाही. आठ नट म्हणजे हाच हिशोब आठ वेळा, फेरीच्या शेवटी हातात शून्य. ह्यात मी घर्षण अजून आणलेलंच नाही बघा. अजिबात घर्षण नसतं तरी चाक फार तर दिलेल्या धक्क्यावर फिरत राहिलं असतं, पण त्याच्याकडून काम घ्यायला गेलात की थांबलंच असतं.

मधली_सुट्टी
हिशोब पटला, पण मग डोळ्यांना जे दिसतं त्याचं काय? उजवीकडचे नट लांब आहेत, लांब म्हणजे जास्त जोर, सी-सॉवर बसलेलं प्रत्येक पोर हे सांगेल. ते खोटं आहे का?

आसाची_कुरकुर
खोटं नाही, अर्धं आहे. लांब आहेत पण किती आहेत ते मोजा. ताई, चाक स्थिर झाल्यावर समोरून फोटो काढा आणि आसातून उभी रेघ मारा. उजवीकडे बहुतेक 3 नट दिसतील आणि डावीकडे 5. मग रेघेपासून प्रत्येकाचं आडवं अंतर मोजून बेरजा करा. उजवीकडे 21, 30, 21 म्हणजे 72 आले, तर डावीकडे 8, 14, 20, 18, 12 असे काहीतरी, तेही 72. आकडे तुमच्या चाकाचे वेगळे येतील पण बेरजा जुळतील, म्हणून तर ते तिथे थांबलं. थोडे लांबचे आणि जास्त जवळचे, असं ते जमलेलं असतं. थोडं हलवलंत तर बेरीज बिघडते आणि चाक डुलत डुलत परत अशाच एखाद्या जागी येतं.

चुंबकवेडा
मी मॅग्नेटवालं केलंय, वर्तुळात तिरके मॅग्नेट लावून, आणि माझं चाललंय, 3 मिनिटं फिरलं. मॅग्नेटला तर वजनासारखं वर चढायचं नसतं, त्यामुळे वरचा सगळा हिशोब तिथे लागूच होत नाही. मॅग्नेट अजून स्ट्राँग मिळाले तर थांबणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आसाची_कुरकुर
दादा, सुरू कसं केलं होतं? हाताने फिरवून सोडलं असेल तर 3 मिनिटं ही बेअरिंगची करामत आहे, चांगला स्पिनरही तेवढा फिरतो. मॅग्नेटलाही चढ असतोच, फक्त दिसत नाही. जो मॅग्नेट जवळ येताना ओढून घेतो तोच पुढे जाताना धरून ठेवतो, चाक हळू झालं की एका ठरावीक जागी अडखळतं, बोटाला जाणवलं असेल तुम्हाला. स्ट्राँग मॅग्नेट लावलेत तर ओढ वाढेल आणि ती अडखळही तेवढीच वाढेल. तपासायचं तर दोनच गोष्टी बघा, हात न लावता थांबलेलं सुरू होतं का, आणि पहिल्या मिनिटापेक्षा दुसऱ्या मिनिटात फेऱ्या जास्त होतात का.

चुंबकवेडा
अडखळ आहे, खरंय. पण ती मॅग्नेटचा अँगल बदलून घालवता येईल, अजून प्रयत्न सोडलेला नाही.

रेवा_क
माझा आक्षेप वेगळाच आहे. मुलांसमोर "अशक्य" हा शब्द कशाला? पृथ्वी फिरतेच आहे की कोट्यवधी वर्षं. आणि भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धांतशिरोमणीत पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेलं आपोआप फिरणारं चाक सांगितलंय, ते काय उगाच?

आसाची_कुरकुर
पृथ्वी फिरतेय, पण तिच्याकडून काम घेतलं की ती हळू होते. भरती-ओहोटी हेच करते, दिवस शतकाला साधारण 2 मिलिसेकंदांनी लांबतोय. नुसतं फिरत राहणं निसर्गात चालतं, फुकट काम देत राहणं नाही.

भास्कराचार्यांचं नाव मुलीने जरूर घ्यावं, आदराने घ्यावं. ते चाक म्हणजे हाच असमतोलाचा विचार, फक्त नटाऐवजी पारा, आणि तेव्हा ऊर्जेचा हिशोब कोणाकडेच नव्हता, तो 1840 च्या दशकात पक्का झाला. पारा सरकला तरी उतरतो तेवढाच चढतो. "अशक्य"बद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

रेवा_क
मी पण नाही. हा नियम कोणी आकाशातून आणलेला नाही, इतकी वर्षं एकही अपवाद सापडला नाही म्हणून आपण मानतो. मग मुलांना तसंच सांगावं ना, "आजवर एकदाही झालं नाही". त्याने भाषण कमकुवत होत नाही, उलट खरं होतं.

आसाची_कुरकुर
ह्यावर विचार करतो. तोवर ताई, एक प्रयोग करून बघा. आसाला दोरा गुंडाळून एक वजन टेबलावरून खाली सोडा, म्हणजे दर वेळी धक्का सारखाच मिळेल. आधी हात मोकळे ठेवून चाकाच्या फेऱ्या मोजा. मग सगळे हात एकसारखे बाहेर काढून चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि परत मोजा. सेकंद नको, फेऱ्याच मोजा.

सातवीची_आई
काल रात्री केलं. हात मोकळे असताना 9 फेऱ्या, चिकटपट्टी लावल्यावर 31. तीनदा करून पाहिलं, एक-दोनचाच फरक. बेअरिंग तेच, धक्का तोच. मुलगी आधी नुसती बघत बसली, मग स्वतःच म्हणाली की हात पडताना टक्क आवाज येतो ना, तिथेच जातंय सगळं, नट उतरून मिळवतो ते चाकाला मिळायच्या आधीच आपटण्यात जातं. म्हणजे जी युक्ती चाक चालवायला लावली तीच त्याला लवकर थांबवते.

घर्षणाचं वाक्य तिने खोडलंय, आता भाषण लाल ठिपक्याच्या नटापासून सुरू होतं. "अशक्य" की "आजवर झालं नाही" ते अजून पेन्सिलीने लिहिलेलं आहे, दोन्ही.